राहिलेलं व्याज, चुकलेली वजावट: भरलेला रिटर्न सुधारायचा कसा

हे मी नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहितोय. खाली दिलेल्या तारखा २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या, म्हणजे असेसमेंट इयर २०२५-२६ च्या आहेत. तुम्ही पुढच्या एखाद्या वर्षी वाचत असाल तर पायऱ्या याच समजा, पण मुदती आणि दर पोर्टलवर बघून घ्या.

उदाहरण आमच्या भाऊजींचं घेतो, त्यांची परवानगी काढूनच. ते सोलापुरात एका हायस्कूलवर शिक्षक आहेत, जुळे सोलापुरात कर्ज काढून घेतलेलं घर आहे, रिटर्न जुन्या करप्रणालीत भरतात. जुलैमध्ये नेहमीच्या माणसाकडून रिटर्न भरला, कर शून्य, विषय संपला. दिवाळीनंतर ताई कपाट आवरत असताना पतसंस्थेची ठेव पावती सापडली. मग बँकेतल्या एफडीचं व्याजही दाखवलेलं नाही हे कळलं, आणि तपासता तपासता ८०सी मध्येही एक आकडा जास्तीचा निघाला. अशी वेळ नोकरदार माणसावर हमखास येते, म्हणून ते प्रकरण जसं सोडवलं तसंच मांडतो.

१. आधी ठरवा: तुमचा रिटर्न कोणत्या खात्यात बसतो

तुम्ही रिटर्न भरलेला आहे आणि त्यात चूक आहे, तर भरायचा तो सुधारित रिटर्न, कलम १३९(५) खाली. यंदा त्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५. त्याला उशिराचं शुल्क नाही. जास्तीचा कर आणि त्यावरचं व्याज तेवढं भरायचं.

रिटर्न भरलाच नव्हता, तर विलंबित रिटर्न, कलम १३९(४) खाली. शेवटची तारीख तीच. इथे मात्र ५,००० रुपये शुल्क लागतं, एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. दुसरी गोष्ट जास्त महाग पडते: पगारदार माणसाला विलंबित रिटर्नमध्ये जुनी करप्रणाली निवडता येत नाही. गृहकर्जाचं व्याज, ८०सी, ८०डी सगळं हातचं जातं. भाऊजींनी जुलैत काहीच भरलं नसतं तर काय झालं असतं तेही मी मांडून बघितलं. त्याच उत्पन्नावर नव्या प्रणालीत सेससह ४०,८९३ रुपये कर आला असता, वर पाच हजार शुल्क आणि व्याज. चुकीचा का होईना पण वेळेत भरलेला रिटर्न असणं किती कामाचं आहे ते खालच्या आकड्यांवरून कळेल.

एक पोटप्रकार आहे. रिटर्न भरला पण ई-व्हेरिफाय केलाच नाही, तर तो भरलेला धरला जात नाही. अशा रिटर्नला पोर्टल `Discard` असा पर्याय दाखवतं. मूळ मुदत उलटून गेल्यावर ते बटण दाबायचा मोह टाळा. तो रिटर्न गेला की नवा भरलेला विलंबितच धरला जाईल. व्हेरिफाय करायला ३० दिवस मिळतात. ते अजून संपले नसतील तर आधी आहे तो रिटर्न व्हेरिफाय करा आणि मग सुधारित भरा.

प्राप्तिकर खात्याची १४३(१) ची सूचना आली म्हणजे दार बंद झालं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. ती सूचना आल्यावरही ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न सुधारता येतो.

२. कागद जमवा, आणि एआयएसवर सगळी भिस्त ठेवू नका

हे जवळ घेऊन बसा:

- मूळ रिटर्नची पोच. तिच्यावरचा १५ अंकी क्रमांक आणि भरल्याची तारीख दोन्ही लागतात.
- फॉर्म १६, फॉर्म २६एएस आणि एआयएस.
- प्रत्येक बँकेचा वर्षभराच्या व्याजाचा दाखला, ठेवी आणि बचत खातं वेगवेगळं दाखवणारा.
- पतसंस्थेचा व्याजाचा दाखला, पिग्मी असेल तर तिचाही.
- वजावटीच्या पावत्या: विमा, पीएफ, मुलांची फी, गृहकर्जाचा दाखला, मेडिक्लेम.

एआयएस पोर्टलवर लॉगिन केल्यावर मिळतं. त्यात बँकांनी तुमच्या पॅनवर कळवलेलं व्याज दिसतं, टीडीएस कापलेला नसला तरी दिसतं. भाऊजींच्या एफडीचं २८,००० रुपये व्याज तिथे सरळ लिहिलेलं होतं. ४०,००० च्या आत असल्यामुळे बँकेने टीडीएस कापला नव्हता, त्यामुळे २६एएसमध्ये त्याचा मागमूस नव्हता. रिटर्न भरणाऱ्याने २६एएस पाहिलं, एआयएस उघडलंच नाही.

पतसंस्थेचं १४,००० व्याज मात्र एआयएसमध्येही नव्हतं. भाऊजी म्हणाले, "अहो, पतसंस्थेचं व्याज करमुक्त असतंय की. टीडीएस पण कापला नाही त्यांनी." नवी पेठेपासून विजापूर रोडपर्यंत हे वाक्य तुम्हाला कुठेही ऐकू येईल. सहकारी संस्था आपल्या सभासदाला देते त्या व्याजावर सहसा टीडीएस कापत नाही, हे खरं. सहकारी संस्थांना कलम ८०पी खाली सवलत मिळते, हेही खरं. पण ती सवलत संस्थेच्या उत्पन्नाला आहे. ठेवीदाराच्या हातात आलेलं व्याज पूर्ण करपात्र आहे. एआयएसमध्ये दिसत नाही याचा अर्थ कुणी कळवलं नाही, इतकाच.

दाखला मागताना पतसंस्थेच्या काउंटरवर '१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ मध्ये जमा झालेलं व्याज' असं स्पष्ट सांगा. नुसता व्याजाचा दाखला म्हटलं की काही ठिकाणी ठेव सुरू झाल्यापासूनचा एकूण आकडा छापून देतात. बँकेच्या एफडीबाबत उलट गल्लत होते. एफडी मुरेल तेव्हा व्याज दाखवू म्हणून लोक थांबतात, पण बँक दरवर्षी साठलेलं व्याज कळवत असते. त्याच पद्धतीने दरवर्षी दाखवलेलं बरं, नाहीतर तीन वर्षांचं व्याज एकाच वर्षाच्या डोक्यावर बसतं.

आता वजावट. ८०सी मध्ये दीड लाख पूर्ण दाखवले होते, त्यात शाळेची ३०,००० रुपये फी होती. पावती हातात घेऊन ओळ न् ओळ वाचली तर शिकवणी शुल्क १८,००० आणि बसभाडं १२,००० असे दोन आकडे, खाली बेरीज. रिटर्नमध्ये गेली होती बेरीज. ८०सी मध्ये फक्त शिकवणी शुल्क चालतं. बस, देणगी, विकास निधी, बाहेरच्या क्लासची फी यातलं काहीही चालत नाही. म्हणजे ८०सी उतरली १,३८,००० वर.

३. पूर्ण हिशेब नव्याने मांडा, नुसत्या फरकाचा नको

भाऊजींचा अंदाज होता की ४२,००० व्याज आणि १२,००० वजावट मिळून ५४,००० चा फरक, पाच टक्क्यांच्या टप्प्यात आहोत तर कर येईल २,७०० च्या आसपास. तसं झालं नाही.

जुलैचा हिशेब असा होता. पगार ९,२०,०००. त्यातून प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेल्यावर ८,६७,५००. राहत्या घराच्या कर्जाचं व्याज १,९८,००० वजा. बचत खात्याचं व्याज ६,२०० मिळवलं. झाले ६,७५,७००. त्यातून ८०सी चे १,५०,०००, मेडिक्लेमचे २०,००० आणि ८०टीटीए चे ६,२०० वजा केल्यावर करपात्र उत्पन्न ४,९९,५००. त्यावर कर निघतो १२,४७५, पण जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट असते, म्हणून कर शून्य.

सुधारित हिशेबात ५४,००० वाढले आणि उत्पन्न झालं ५,५३,५००. पाच लाखांची रेघ ओलांडली की ८७ए ची सूट पूर्णच जाते. जुन्या प्रणालीत इथे कसली मधली सवलतही नाही. अडीच ते पाच लाखांवरचे १२,५०० भरावे लागतात आणि वरच्या ५३,५०० वर वीस टक्क्यांनी १०,७००. एकूण २३,२००, त्यावर चार टक्के सेस ९२८. कर झाला २४,१२८ रुपये.

म्हणून ज्यांचं उत्पन्न ओढूनताणून पाच लाखांच्या आत बसवलेलं असतं, त्यांनी किरकोळ व्याजही हलक्यात घेऊ नये. भाऊजींच्या बाबतीत एकट्या पतसंस्थेच्या चौदा हजारांनीही रेघ ओलांडली असती.

आणखी एक मोह इथेच होतो. ८०टीटीए ची मर्यादा दहा हजार आहे, आपण ६,२०० च घेतलेत, मग एफडीच्या व्याजातून उरलेले ३,८०० घेऊ. घेता येत नाहीत. ही वजावट फक्त बचत खात्याच्या व्याजाला आहे. ठेवींच्या व्याजाला वजावट मिळते ती साठ वर्षांवरच्या लोकांना, ८०टीटीबी खाली, आणि तीही जुन्याच प्रणालीत.

नव्या प्रणालीत गेलं तर स्वस्त पडेल का, हेही बघितलं. चाळीस हजारांच्या वर कर येत होता, त्यामुळे जुनीच ठेवली. जुनी प्रणाली मूळ मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्ये निवडलेली होती, म्हणून सुधारितमध्ये ती तशीच चालली.

४. पोर्टलवर फॉर्म भरा

प्राप्तिकराच्या पोर्टलवर (`incometax.gov.in`) लॉगिन करा आणि असं जा:

```
e-File > Income Tax Returns > File Income Tax Return
```

असेसमेंट इयर `2025-26` निवडा. वर्षाची गडबड इथे सगळ्यात जास्त होते. उत्पन्न २०२४-२५ चं आहे म्हणून लोक `2024-25` निवडतात, आणि तो होतो त्याच्या आधीच्या वर्षाचा रिटर्न. पुढे रिटर्नचा प्रकार विचारतात तिथे `139(5)` चा सुधारित रिटर्न निवडा, मूळ पोचेचा क्रमांक आणि तारीख टाका.

सुधारित रिटर्न मूळ रिटर्नची पूर्ण जागा घेतो. त्यामुळे फक्त राहिलेलं व्याज टाकून चालत नाही. पगार, घर, वजावटी, टीडीएस सगळं पुन्हा भरायचं किंवा आपोआप आलेलं तपासायचं. जुलैतल्या रिटर्नची पीडीएफ शेजारी उघडी ठेवा आणि प्रत्येक आकडा टिक करत जा. आपोआप भरून आलेल्या माहितीत पतसंस्था येणार नाही, हे लक्षात असू द्या. तो आकडा 'इतर उत्पन्न' या भागात, ठेवींच्या व्याजाच्या ओळीत स्वतः मिळवायचा. बचत खात्याच्या व्याजाची ओळ वेगळी आहे. दोन्ही एकत्र केले तर ८०टीटीए चा घोळ होतो.

यंदापासून ८०सी, ८०डी आणि गृहकर्जाला नुसती रक्कम पुरत नाही. पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचं नाव, कर्ज खात्याचा तपशील मागतात. हे कागद हाताशी नसतील तर फॉर्म मध्येच अडतो.

फॉर्मचा प्रकार बदलायची गरज पडली तर तोही सुधारितमध्ये बदलता येतो. भाऊजींचा आयटीआर-१ च राहिला. पण तुमचा राहिलेला व्यवहार म्हणजे म्युच्युअल फंड विकून झालेला अल्पकालीन नफा असेल, तर आयटीआर-२ लागेल.

५. व्याज बघा, पैसे भरा, मगच सबमिट करा

शेवटच्या पानावर पोर्टल कर आणि व्याज काढून दाखवतं. ते कुठून आलं हे माहीत असलं की घाबरायला होत नाही.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघाला, तर तो आगाऊ भरायला हवा होता असं कायदा धरतो. मग दोन व्याजं लागतात. एक कलम २३४सी चं, चार हप्ते चुकवल्याबद्दल. भाऊजींना ते १,२१३ रुपये आलं. दुसरं २३४बी चं, एप्रिल २०२५ पासून पैसे भरेपर्यंत दरमहा एक टक्का. नोव्हेंबरात भरल्यामुळे आठ महिने, म्हणजे १,९२८. मूळ रिटर्न वेळेत होता म्हणून २३४ए चं व्याज लागलं नाही. सगळं मिळून २७,२६९, दहाच्या पटीत करून २७,२७०.

महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. ३० नोव्हेंबरऐवजी १ डिसेंबरला भरले असते तर आणखी २४१ रुपये गेले असते. म्हणून महिनाअखेरीला हिशेब तयार असेल तर लगेच भरून टाका.

पैसे `e-Pay Tax` मधून भरायचे, नेट बँकिंग, यूपीआय किंवा बँकेत चलन देऊन. प्रकार `Self-Assessment Tax (300)`. इथेही असेसमेंट इयर `2025-26` च. चुकीच्या वर्षावर पैसे गेले की रिटर्नमध्ये ते दिसत नाहीत आणि चलन दुरुस्तीचा वेगळा अर्ज करत बसावं लागतं. भरल्यावर चलन उतरवून घ्या. त्यावरचा सात अंकी बीएसआर कोड, पाच अंकी चलन क्रमांक आणि तारीख रिटर्नच्या कर भरल्याच्या भागात आलीय का ते पाहा. आपोआप आली नसेल तर हाताने टाका. आता देय रक्कम शून्य दिसायला हवी.

`Pay Later` असाही एक पर्याय समोर येतो. तो नको. रिटर्न जातो खरा, पण तुमच्यावर बाकी उभी राहते आणि व्याजाचं मीटर चालू राहतं.

६. व्हेरिफाय केल्याशिवाय उठू नका

आधार मोबाईलला जोडलेला असेल तर ओटीपीने दोन मिनिटांत होतं. नेट बँकिंगनेही होतं. काहीच जमत नसेल तर पोचेवर सही करून ती बंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्टने पाठवता येते. सोलापूरच्या आयकर कार्यालयात नेऊन देण्यात अर्थ नाही.

इथेही तीच ३० दिवसांची मर्यादा आहे. त्या आत केलं तर रिटर्न अपलोड केल्याची तारीख धरतात, त्यानंतर केलं तर व्हेरिफाय केल्याची. समजा २० डिसेंबरला अपलोड केला आणि फेब्रुवारीत व्हेरिफाय केला, तर तो फेब्रुवारीत भरलेला ठरतो, म्हणजे सुधारित रिटर्नची मुदत गेलेली.

काही आठवड्यांनी १४३(१) ची सूचना येईल. त्यात दोन रकाने असतात: तुम्ही दिलेले आकडे आणि खात्याने काढलेले. ठेवींचं व्याज, ८०सी आणि भरलेला कर या तीन ओळी जुळतात का ते पाहा. सूचनेतला पोच क्रमांक सुधारित रिटर्नचा आहे ना, हेही बघा. मूळ रिटर्नची सूचना मागाहून आली तर लोक उगाच हबकतात.

७. ३१ डिसेंबर हुकला तर

मग उरतो अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू, कलम १३९(८ए). असेसमेंट इयर संपल्यापासून चार वर्षं तो भरता येतो, पण कर आणि व्याजावर जादा कर लागतो: पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. भाऊजींनी हेच जून २०२६ मध्ये केलं असतं तर कर आणि व्याज सुमारे २८,९५६ झालं असतं आणि त्यावर आणखी ७,२३९.

आयटीआर-यू एका वर्षासाठी एकदाच भरता येतो. आणि तो फक्त जास्त कर भरण्यासाठी आहे. तुम्ही एखादी वजावट घ्यायची विसरलात आणि परतावा वाढवून हवाय, तर आयटीआर-यू चालत नाही. ते काम ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्ननेच करावं लागतं.